सगळे शब्द कळले, तरी परिच्छेद का कळत नाही?

प्रश्न: आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रत्येक धड्याआधी कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहून अर्थ समजावते. प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, पर्णरंध्र, सगळ्यांच्या व्याख्या मुलांना येतात. पण परिच्छेद स्वतः वाचून उत्तर लिहा म्हटलं की गाडी अडते. कोणता शब्द अडला विचारलं तर म्हणतात, सगळे कळले. मग अडतंय कुठे? यादी आणखी वाढवू का?

उत्तर:

यादी वाढवू नका, बदला. तुमच्या यादीतल्या शब्दांची काळजी पाठ्यपुस्तक स्वतःच घेतं. मुलांची वाट अडवणारे शब्द बहुधा त्या यादीत नाहीतच, कारण ते आपल्याला कठीण वाटत नाहीत. प्रमाण, दर, स्थिर, लक्षणीय, घटक, मात्र, परिणामी, अनुक्रमे, नगण्य. हे शब्द कुठल्याच एका विषयाचे नाहीत. विज्ञानात येतात, भूगोलात येतात, गणिताच्या उदाहरणात येतात, आणि कोणत्याच तासाला कुणी ते शिकवत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला वाटतं हे भाषेच्या तासाला झालं असेल, आणि भाषेच्या तासाला कविता-कथांमध्ये ते भेटतच नाहीत.

तुमच्याच विषयातला एक परिच्छेद घेऊन दाखवते. हा मी शिक्षकांबरोबर काम करताना नेहमी वापरते:

"जलवनस्पतीवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता वाढवत नेल्यास प्रकाशसंश्लेषणाचा दर सुरुवातीला त्याच प्रमाणात वाढतो. मात्र एका मर्यादेनंतर तीव्रता वाढवूनही दरात लक्षणीय वाढ होत नाही. तो जवळपास स्थिर राहतो. अशा वेळी कार्बन डायऑक्साइडची उपलब्धता हा निर्णायक घटक ठरतो."

खाली प्रश्न असतो: दर स्थिर झाल्यावर तो आणखी वाढवायचा असेल तर काय करावे लागेल?

अपेक्षित उत्तर आहे, कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा वाढवावा लागेल. मुलं लिहितात, "प्रकाश आणखी वाढवावा लागेल." किंवा, "वनस्पती पुन्हा प्रकाशात ठेवावी म्हणजे क्रिया परत सुरू होईल." हे दुसरं उत्तर नीट पाहा. मुलाने 'स्थिर' म्हणजे 'थांबलेलं' असं घेतलं आहे. रोजच्या बोलण्यात स्थिर म्हणजे न हलणारं, एका जागी उभं असलेलं. मग दर स्थिर झाला म्हणजे प्रकाशसंश्लेषण बंद पडलं, असं त्याला वाटलं. त्याला शब्द माहीत होता, म्हणूनच विचारल्यावर तो "सगळं कळलं" म्हणाला, आणि त्याच्या बाजूने ते खरंही होतं.

आता एक प्रयोग करून पाहा. हाच परिच्छेद लिहा, पण सगळ्या पारिभाषिक शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घाला. जलवनस्पतीच्या जागी 'डोमक', प्रकाशाच्या जागी 'खुरव', प्रकाशसंश्लेषणाच्या जागी 'टिमकण', कार्बन डायऑक्साइडच्या जागी 'झिबू'. "डोमकावर पडणाऱ्या खुरवाची तीव्रता वाढवत नेल्यास टिमकणाचा दर सुरुवातीला त्याच प्रमाणात वाढतो. मात्र एका मर्यादेनंतर…" आणि शेवटी "झिबूची उपलब्धता हा निर्णायक घटक ठरतो." प्रश्न तोच. कोणताही सरावलेला वाचक न अडखळता उत्तर देतो: झिबूचा पुरवठा वाढवा. टिमकण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, तरी परिच्छेदाची रचना पूर्ण कळली.

मग उलटं करा. पारिभाषिक शब्द मूळचे ठेवा आणि 'त्याच प्रमाणात', 'मात्र', 'लक्षणीय', 'स्थिर', 'निर्णायक घटक' हे पाच शब्द खोडा. आता प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या तोंडपाठ असणाऱ्यालाही सांगता येणार नाही की दराचं पुढे काय झालं आणि का. पारिभाषिक शब्द सांगतात की गोष्ट कशाबद्दल आहे. काय घडलं, किती घडलं, कशामुळे घडलं आणि आधीच्या वाक्याशी त्याचा संबंध काय, हे सगळं या दुसऱ्या शब्दांवर उभं असतं. प्रश्नही जवळपास नेहमी तिथेच विचारला जातो.

पारिभाषिक शब्द नवा असला तरी पुस्तक त्याला मानाने आणतं. तो ठळक छापलेला असतो, पुढच्याच ओळीत व्याख्या असते, शेजारी आकृती असते, आणि धडाभर तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याला अर्थही एकच असतो. शिवाय तो अडला तर मुलाला कळतं की आपण अडलो. ते थांबतं, विचारतं, शेवटी पाठ तरी करतं. सामान्य अभ्यासशब्दाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्याची व्याख्या कुठेच नसते, चित्र काढता येत नाही, आणि मूल त्याच्यावरून पुढे निघून जातं. 'मात्र' सारख्या शब्दाची तर दखलही घेतली जात नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. यातल्या बऱ्याच शब्दांना घरगुती अर्थ असतो आणि तो आधी हजर होतो. 'दर' म्हणजे भाव, किंवा 'दर सोमवारी' मधला दर. 'प्रमाण' म्हणजे पुरावा, मात्रा, गुणोत्तर, किंवा 'प्रमाण भाषा' मधलं प्रमाण. 'मूल्य' म्हणजे किंमत, तर गणितात चलाचं मूल्य काढा. मूल वाक्य वाचतं तेव्हा त्याला अर्थाची पोकळी जाणवत नाही. तिथे एक अर्थ असतोच, फक्त तो या वाक्याचा नसतो. म्हणून "कोणता शब्द अडला?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

काही शब्द थेट उलट्या अर्थाने वाचले जातात. माझ्या अनुभवात 'नगण्य' हा त्यातला सगळ्यात ठळक. पुष्कळ मुलं त्याची फोड करतात, न आणि गण्य, मोजता न येणारं, म्हणजे खूप जास्त! "घर्षण नगण्य आहे असे समजा" या सूचनेचा त्यांच्या लेखी अर्थ होतो की घर्षण प्रचंड आहे. पुढचं गणित कितीही मन लावून केलं तरी हाती काय येणार? 'किमान' आणि 'कमाल' यांचीही अशीच अदलाबदल होते.

हे निरीक्षण नवीन नाही. 1970 च्या दशकात पॉल गार्डनर यांनी आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉनस्टोन या रसायनशिक्षणाच्या अभ्यासकांनी शाळकरी मुलांना विज्ञानात वापरल्या जाणाऱ्या पण विज्ञानाच्या नसलेल्या शब्दांवर तपासलं. शिक्षकांना सोपे वाटणारे अनेक शब्द मुलांना धड कळत नव्हते, आणि काहींच्या बाबतीत मुलं अगदी विरुद्ध अर्थ निवडत होती. वाचनशिक्षणात इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांनी शब्दांचे तीन थर मांडले आहेत: रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांत फिरणारे लिखित भाषेतले, आणि एकेका विषयाचे. त्यांचा आग्रह असा की शिकवण्याची मेहनत मधल्या थरावर घालावी. तुमची यादी तिसऱ्या थराची आहे.

मुलं भरपूर वाचतील तर हे शब्द आपोआप येतील, असं बरेच जण म्हणतात. काय वाचतात यावर ते अवलंबून आहे. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली सुमारे 35 लाख शब्दांच्या इंग्रजी शैक्षणिक मजकुरातून अशा सामान्य शब्दांची यादी काढली. एकेका मूळ शब्दाचं कुटुंब धरलं तर 570 कुटुंबं. शैक्षणिक मजकुरातला सुमारे 10 टक्के भाग या शब्दांनी व्यापला होता, आणि तेवढ्याच मोठ्या कथा-कादंबऱ्यांच्या मजकुरात तेच शब्द दीड टक्काही भरले नाहीत. हे आकडे इंग्रजीचे आहेत, मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा तीच दिसते. गोष्टीच्या पुस्तकात 'परिणामी' आणि 'अनुक्रमे' किती वेळा भेटतात ते चाळून पाहा.

आता काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधी तपासून घ्या. मुलाला तोच परिच्छेद तुम्ही सावकाश वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. ऐकून बरोबर उत्तर आलं तर अडचण शब्दार्थाची नाही, वाचनाच्या वेगाची आहे. अक्षरं जुळवण्यातच सगळी शक्ती संपते आणि त्यावर मी इथे सांगते तो उपाय चालणार नाही. ऐकूनही उत्तर चुकलं तर पुढे जा. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना पहिल्या थराचेच काही शब्द कमी असू शकतात. त्यांच्यासाठी तिथून सुरुवात करावी लागेल. आणि पारिभाषिक शब्द कधीच आडवे येत नाहीत असंही मी म्हणणार नाही. जीवशास्त्राच्या एखाद्या पानावर दहा नवी नावं एकदम कोसळतात तेव्हा ती अडवतातच, आणि "पर्णरंध्राचे कार्य लिहा" या प्रश्नात पर्णरंध्र माहीत नसेल तर सगळंच संपलं. माझं म्हणणं इतकंच की त्या शब्दांना तुमच्याकडून आणि पुस्तकाकडून मदत आधीच मिळते आहे.

मुलाला नक्की कुठला शब्द चुकीचा कळला आहे हे शोधायला मी व्याख्या विचारत नाही, आलेख काढायला लावते. वरचा परिच्छेद द्या आणि म्हणा, आडव्या अक्षावर प्रकाशाची तीव्रता, उभ्या अक्षावर दर. वाचलंत तसं काढा. आकडे नकोत, रेषेचा आकार हवा. कागद गोळा केलेत की दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. रेषा सरळ वर जात राहिली असेल तर 'मात्र' पासूनचं दुसरं वाक्य मुलाने वाचलं, पण पहिल्यापेक्षा वेगळं म्हणून वाचलंच नाही. रेषा वर जाऊन एकदम शून्यावर आली असेल तर 'स्थिर' म्हणजे बंद. वर जाऊन उतरायला लागली असेल तर "लक्षणीय वाढ होत नाही" याचा अर्थ त्याने घट असा घेतला. पहिला भाग सरळ रेषा नसून कसाही वळलेला असेल तर "त्याच प्रमाणात" कळलं नाही, फक्त "वाढतो" कळलं. चूक कुठल्या शब्दाची, हे रेषाच सांगते.

आता शिकवायचं कसं.

एका धड्यातून असे चारच शब्द निवडा, फार तर पाच. निवडताना मी तीन गोष्टी पाहते: हा शब्द दुसऱ्या विषयातही भेटेल का, तो काढला तर प्रश्नाचं उत्तर अडेल का, आणि त्याचा घरगुती अर्थ दिशाभूल करेल का. वरच्या परिच्छेदातून मी 'त्याच प्रमाणात', 'लक्षणीय', 'स्थिर' आणि 'मात्र' घेईन. 'निर्णायक' पुढच्या धड्याला चालेल. 'तीव्रता' महत्त्वाचा आहे, पण तो इथे प्रयोगातूनच कळतो.

समानार्थी शब्द देऊन थांबू नका. लक्षणीय म्हणजे उल्लेखनीय, परिणामी म्हणजे फलस्वरूप, असं लिहून दिलं की मुलाकडे एका कठीण शब्दाच्या जागी दोन होतात. अर्थ पूर्ण वाक्यात सांगा, आपण बोलतो तसा: "एखादा बदल लक्षणीय आहे म्हणतात तेव्हा तो एवढा मोठा असतो की त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही." "एखादी गोष्ट स्थिर राहते म्हणतात तेव्हा ती जेवढी होती तेवढीच राहते. ती चालू असू शकते, फक्त कमी-जास्त होत नाही."

आणि लगेच आकडे समोर ठेवा. फळ्यावर मी असं लिहिते: प्रकाश मूळचा, तेव्हा जलवनस्पतीतून मिनिटाला 10 बुडबुडे. दुप्पट केला, 20. तिप्पट, 30. चौपट, 31. पाचपट, 30. (हे शिकवण्यासाठी तयार केलेले आकडे आहेत. खऱ्या प्रयोगात मोजणी इतकी नीटस येत नाही, तेही मुलांना सांगावं.) या पाच आकड्यांत तीन शब्द शिकवून होतात.

आधी पहिले तीन आकडे घ्यायचे. प्रकाश दुप्पट झाला तर बुडबुडेही दुप्पट, प्रकाश तिप्पट तर बुडबुडे तिप्पट. याला म्हणायचं त्याच प्रमाणात वाढले. इथे विरुद्ध उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाजूला 10, 12, 13 लिहा आणि विचारा, वाढले का? वाढले. त्याच प्रमाणात वाढले का? इथे वर्गात खरी चर्चा होते, कारण काही मुलं तोवर 'त्याच प्रमाणात' म्हणजे 'तेही वाढले' एवढंच धरून असतात. याच टप्प्यावर कधी दिसतं की मुलाला प्रमाणाची कल्पनाच आलेली नाही. मग शब्दावर जोर देऊन उपयोग नाही, आधी ती कल्पना आकड्यांतून बांधा.

मग 30 वरून 31. वाढ आहे का? आहे. लक्षणीय आहे का? बहुतेक नाही म्हणतील, "का नाही?" हे विचारलंच पाहिजे. मुलं सांगतात की मोजताना एखादा बुडबुडा इकडेतिकडे होतोच, पुढचा आकडा परत 30 आलाय. इथे त्यांना शब्दाचा गाभा सापडतो: लक्षणीय हे आकड्यावर ठरत नाही, तो आकडा कशाच्या तुलनेत आहे यावर ठरतं. हे पक्कं करायला दुसऱ्या विषयात न्या. खोलीतल्या हवेचं तापमान दीड अंशाने वाढलं, लक्षणीय का? माणसाच्या शरीराचं तापमान 37 अंशांवरून 38.5 झालं, आता? वाढ दोन्हीकडे दीड अंशाचीच, पण एकीकडे कुणाच्या लक्षातही येणार नाही आणि दुसरीकडे ताप आहे. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरत नाही.

शेवटी 30, 31, 30. बुडबुडे थांबले का? नाही, मिनिटाला तीसच्या आसपास येतच आहेत. मग स्थिर काय झालं? दर. वनस्पती नाही, बुडबुडे नाहीत, क्रियाही नाही; दर स्थिर झाला. पुढे हाच शब्द गतीच्या धड्यात "स्थिर वेग" म्हणून येईल तेव्हा मुलांना आधार असेल, कारण तिथेही वस्तू चालत असते आणि मूल ती थांबली असं समजतं.

'मात्र' साठी वेगळी युक्ती लागते, कारण त्याला दाखवण्यासारखी वस्तू नाही. परिच्छेद मोठ्याने वाचताना 'मात्र' म्हणून थांबा, पुढची ओळ झाका आणि विचारा, आता लेखक काय म्हणणार? मुलांनी अंदाज करायचा की आतापर्यंत चाललं होतं त्याला इथे वळण मिळणार. मग फळ्यावर एकच सुरुवात लिहून तीन वेळा पुरी करून घ्या: "प्रकाश वाढवला. परिणामी…", "प्रकाश वाढवला. मात्र…", "प्रकाश वाढवला. शिवाय…". पहिल्यात त्यातून जे झालं ते यायला हवं, दुसऱ्यात अपेक्षेविरुद्ध काहीतरी, तिसऱ्यात केलेली आणखी एक गोष्ट. जे मूल तिन्ही ठिकाणी "दर वाढला" लिहितं, ते परिच्छेद वाचतानाही हे शब्द गाळून वाचत असतं. 'मात्र'ची आणखी एक अडचण: 'नाममात्र', 'क्षणमात्र' मध्ये तो 'केवळ' या अर्थाने येतो. तेवढं एकदा सांगून ठेवा, त्यावर तास घालवू नका.

हे सगळं परिच्छेद एकदा सरळ वाचून झाल्यावर करा, आधी नाही. धड्याआधी सुटे शब्द शिकवले तर ते पुन्हा यादी होतात. वाक्यात अडल्यावर शब्दाची गरज मुलालाच भासते.

पुनरावृत्तीशिवाय मात्र यातलं काही टिकत नाही. मॅकिओन आणि बेक यांनी सहकाऱ्यांसह 1985 मध्ये चौथीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही शब्द चार वेळा आणि काही बारा वेळा मुलांसमोर आणले. चार वेळांनी मुलांना अर्थ सांगता येऊ लागला, पण ते शब्द असलेला मजकूर समजण्यात फरक पडला तो बारा वेळा भेटलेल्या शब्दांमुळे. बारा हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. पण अर्थ येणं आणि मजकूर कळणं यांत एवढं अंतर असतं हे लक्षात घेतलं, तर यादीतल्या व्याख्या पाठ असूनही परिच्छेद का अडतो याचं आणखी एक कारण मिळतं.

बारा वेळा म्हणजे बारा तास नव्हेत. तुमच्या बोलण्यात शब्द येऊ द्या. आपल्यापैकी बरेच जण समजावताना पुस्तकातलं वाक्य सोपं करून सांगतात, "मग काही फारसा फरक पडत नाही बरं का", आणि पुस्तकातला शब्द मुलांच्या कानावर पडतच नाही. दोन्ही बोला, एकापाठोपाठ: "फारसा फरक पडत नाही, म्हणजेच लक्षणीय वाढ होत नाही." हजेरी घेताना म्हणा, आज गैरहजेरीत लक्षणीय घट आहे. शक्य असेल तर भूगोल आणि गणिताच्या शिक्षकांना त्या आठवड्याचे चार शब्द सांगून ठेवा. ते आपापल्या धड्यात असतातच. त्यांनी फक्त तिथे क्षणभर थांबायचं आहे. एवढ्यानेच मोजणी भरते.

लिहून घेताना शब्दाची सोबत शिकवा. लक्षणीय हा वाढ, घट, फरक, बदल, संख्या यांच्याबरोबर बसतो. हे न सांगितल्यास मुलं "मला लक्षणीय भूक लागली" लिहितात. असं वाक्य आलं तर मला आनंद होतो, कारण मुलाने मोठेपणाचा अर्थ पकडला आणि शब्द स्वतःहून वापरला. आता फक्त जोडी दुरुस्त करायची. "वाक्यात उपयोग करा" म्हटल्यावर मुलं "हा बदल लक्षणीय आहे" असं काहीच न सांगणारं वाक्य लिहून सुटतात, म्हणून 'कारण' सक्तीचं करा: "… ही वाढ लक्षणीय नाही, कारण …". रिकाम्या जागी भरलेल्या शब्दांवरून समज लगेच दिसते.

अवघड शब्द काढून सोपा मजकूर तयार करण्याचा मोह होईल. अगदी मागे पडलेल्या मुलांसाठी पहिली पायरी म्हणून तो चालतो, पण त्याच तासात मूळ परिच्छेदावर परत या. नाहीतर ज्या शब्दांमुळे मूल अडलं तेच त्याच्या वाटेतून दूर होतात, आणि परीक्षेत प्रश्नपत्रिका ते काढून टाकत नाही.

उपयोग झाला की नाही हे त्याच धड्यावर तपासू नका. तिथे मुलांना उत्तर आठवतं. दोनेक आठवड्यांनी, न सांगता, दुसऱ्याच विषयातला छोटा परिच्छेद द्या. समजा, दोन गावांच्या दहा वर्षांतल्या लोकसंख्येवर चार ओळी: एका गावाची लोकसंख्या स्थिर राहिली, दुसऱ्याची सुरुवातीला लक्षणीय वाढली, मात्र नंतर घटली. पुन्हा आलेखच काढायला लावा, दोन रेषा. पहिली आडवी आली, शून्यावर गेली नाही, आणि दुसरी वर जाऊन वळली, तर शब्द मुलाचे झाले. पहिली रेषा काढलीच नाही आणि "गावात कोणी राहत नाही" असं कुणी लिहिलं, तर 'स्थिर' पुढच्या आठवड्याच्या चार शब्दांत परत घ्या.

तुमच्या जुन्या यादीतले शब्द टाकून द्यायचे नाहीत. प्रकाशसंश्लेषण आणि पर्णरंध्र जिथे प्रयोगात आणि आकृतीत भेटतात तिथेच शिकवा, व्याख्या नंतर लिहून घ्या. धड्याआधीची ती दहा मिनिटं वाचतील. ती आलेखाच्या कागदासाठी वापरा.